द्राक्षांच्या हंगामात वजन उतरवताना

कॅलरी मोजून जेवतोय, पण द्राक्षं सुटत नाहीत. फळांतल्या साखरेमुळे चरबी उतरायची थांबते का? रोज किती फळ चालेल?

थांबत नाही. दिवसाची एकूण तूट टिकली, तर फळातली साखर वेगळी आडवी येत नाही. गडबड होते ती अंदाजात. नाशकात हंगामात द्राक्षं पेटीनेच घरी येतात, आणि पेटीतून कोण मोजून खातं! शंभर ग्रॅमला साधारण ७० कॅलरी. गप्पांत अर्धा किलो संपली की ३५०. तुमची तूट ४०० ची असेल तर उरल्या ५०.

म्हणून वाटीत काढून घ्या: दीडशे ग्रॅम द्राक्षं, शिवाय एक पेरू. पेरूतल्या तंतूंनी पोट लवकर भरतं. बेदाणे मात्र जपून, ३० ग्रॅमलाच ९० कॅलरी. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवा.