बाबांची दहावी

*ताई, मी एक कथा लिहिली आहे. माझ्या दहावीच्या आधी बाबा इतवारीतल्या दुकानातून घरी आले की रोज रात्री माझ्यासोबत इंग्रजी शब्द पाठ करायला बसत, तीच गोष्ट. कथेतले बाबा चौथी शिकलेले आहेत (खरे बाबा दहावीला इंग्रजीत गेले होते, पण चौथी जास्त भिडतं). पहिल्याच रात्री ते वहीतला शब्द ‘क्नॉलेज’ असा वाचतात, तिथे मैत्रिणी रडल्या. बाबांना वाचून दाखवली तर ‘चांगली आहे’ म्हणून उठून गेले. तेव्हापासून नीट बोलत नाहीत. आई म्हणते, दिवाळी अंकाला पाठवू नको. माझं काय चुकलं?*
*— सक्करदरा, नागपूर*

पोरी, जे कंसात टाकलंस तीच तुझी कथा होती.

आधी तुझ्या चौथीचं बघू. बाबांच्या काळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे, पहिलीपासून ते आलं 2000 साली. म्हणजे चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला एबीसीडीही आली नसती. ‘क्नॉलेज’ असं तोच वाचेल ज्याला अक्षरं येतात, प्रत्येक अक्षराचा उच्चार करायचा असतो असं ज्याला वाटतं आणि ज्याची चूक कुणी कधी सुधारली नाही. ही चूक तुझ्या खऱ्या बाबांची आहे. ती तू दुसऱ्याच माणसाच्या तोंडी घातलीस, म्हणून तो माणूस खोटा झाला.

आणि कथा दुबळी झाली ती वेगळीच. चौथीवाल्या बापाचं चुकलं तर त्याला कोण हसणार? पण 35 मार्कांसाठी अडलेला माणूस त्याच विषयाचं पुस्तक लेकीसमोर उघडून बसतो, तेव्हा प्रत्येक शब्दाला त्याचं पितळ उघडं पडू शकतं. तरी तो दिवसभर दुकानात उभं राहून आल्यावर रोज बसला. मला या माणसाबद्दल फार माया वाटते. तू मात्र त्याचं नापास होणं लपवलंस, आणि ऐकताना त्याला कळलं की लेकीला त्याची लाज वाटते. तुला तसं वाटत नसेलही. पण कथा तेच सांगते.

आता एकच कर. या रविवारी बाबांजवळ बस आणि विचार: पेपरात कुठे अडलात? निकाल घरी कसा सांगितला? फॉर्म भरून पुन्हा का नाही बसलात? मध्ये बोलू नको, वही-पेन घेऊन तर मुळीच बसू नको. मग पहिली रात्र नव्याने लिही. त्यात बाबांना काही शब्द येत असतील आणि ते येत असल्याचं ते लपवत असतील. मुलीला त्याचं कारण माहीत नसेल. वाचकालाही लगेच सांगू नको.

लिहून झालं की आधी बाबांना दे, वाचून दाखवू नको, त्यांचं त्यांना वाचू दे. ते ‘नको’ म्हणाले तर कथा घरातच राहील, मग संपादक कितीही मागे लागोत. आत्ताची प्रत मात्र कुठेही पाठवू नको.

— ताई