हाफ-स्पेस म्हणजे नक्की कुठली जागा?

प्रश्न: फुटबॉलमध्ये हाफ-स्पेस म्हणजे काय, आणि अटॅकर्सना तिथेच बॉल का हवा असतो?

मैदानाचे उभे पाच पट्टे पाडले तर दुसरा आणि चौथा पट्टा म्हणजे हाफ-स्पेस, आणि तिथे बॉल हवा असतो कारण त्या जागेतल्या प्लेयरला कोणी धरायचं हे डिफेन्सला पटकन ठरवता येत नाही. फुलबॅक आत आला की बाहेरचा विंगर मोकळा, सेंटरबॅक पुढे आला की त्याच्या मागे पळायला जागा. मँचेस्टर सिटीचा डी ब्रुयना उजव्या हाफ-स्पेसमधून गोलकीपर आणि डिफेन्सच्या मधोमध जो जोरदार वळणारा क्रॉस टाकायचा तो आठवा, तिथून तिरकं उभं राहिलं की गोल आणि विंग दोन्ही एकाच नजरेत दिसतात, टचलाइनजवळ मात्र एक बाजू बंदच असते. फक्त समोर पाच जणांची बॅकलाइन असेल तर बाजूचा सेंटरबॅक बिनधास्त पुढे येऊन चिकटतो, मागे अजून दोघं असतातच, मग गोलकडे पाठ करून बॉल घेतलात तर तो बहुतेक जातोच.