सुनावणीचा सारांश: ऐकलं तेवढंच लिहायचं

प्रश्न: आमच्या जमिनीच्या दुसऱ्या अपिलाच्या सुनावणीचं रेकॉर्डिंग आहे, सगळं इंग्रजीत. वडिलांना समजेल असा मराठी सारांश काढायचाय, पण त्यात माझा निष्कर्ष घुसू नये. कसं करू?

उत्तर: रेकॉर्डिंग न्यायालयानेच उपलब्ध केलेलं आहे ना, एवढं आधी बघा. परवानगीशिवाय आपण मोबाइलवर केलेलं चालत नाही.

मी सांगलीत एका वकिलांकडे लिखापढी करतो. गेल्या वर्षी तासगाव तालुक्यातल्या एका काकांसाठी असाच सारांश काढला होता. वाटणीचा वाद, सुनावणी जेमतेम अकरा मिनिटांची. न्यायमूर्तींनी समोरच्या वकिलांना विचारलं, "वाटणीपत्र नोंदवलेलं आहे का?" ते म्हणाले, कागद आज सोबत नाही, मुदत द्यावी. मुलाने घरी सांगितलं, "कोर्टाने त्यांना झापलं, कागदच नाही त्यांच्याकडे." काका दोन दिवस खुशीत. पण सोबत नाही म्हणजे मुळात नाही असं होत नाही, आणि न्यायमूर्तींचा प्रश्न म्हणजे त्यांचं मत नव्हे. कधीकधी ते ज्याचं म्हणणं पटतंय त्यालाही खोदून विचारतात.

म्हणून मी प्रत्येक ओळीत वेळ, बोलणारा आणि साधं क्रियापद एवढंच ठेवलं: "४:१० – न्यायमूर्तींनी विचारलं, वाटणीपत्र नोंदवलेलं आहे का. ४:२५ – समोरचे वकील म्हणाले, आज सोबत नाही, मुदत मागितली." विचारलं, म्हणाले, मागितलं, सांगितलं, ही क्रियापदं पुरतात. "मान्य केलं", "फेटाळलं", "सिद्ध झालं" हे शब्द कुणी प्रत्यक्ष तसं बोललं असेल तरच घ्या. दोन वाक्यांमध्ये आपण घातलेला "म्हणून" तर आधी खोडा, निष्कर्ष बहुतेक वेळा तिथूनच शिरतो.

न्यायमूर्ती हुकूम सांगायला लागले की आवाजाची चाल बदलते. ते थांबत थांबत, स्टेनोला लिहून घेता येईल असं बोलतात. तो भाग वेगळ्या मथळ्याखाली, शब्दशः लिहा. त्याआधीचं सगळं चर्चा. इथे "ॲडमिट" हा शब्द फार फसवतो. अपील ॲडमिट झालं म्हणजे सुनावणीसाठी दाखल करून घेतलं, आपलं म्हणणं मान्य झालं असं नाही. मूळ शब्द तसाच ठेवून शेजारी एवढा अर्थ द्या.

आकडे दोनदा ऐका. इंग्रजीत सोळा आणि साठ हमखास एकसारखे वाटतात, त्यात गट नंबर किंवा तारीख चुकते. नाही कळलं तर "६:४०, ऐकू आलं नाही" असं लिहा, अंदाजाने जागा भरू नका.

सही झालेला हुकूम वेबसाइटवर आला की तुमच्या हुकुमाच्या भागाशी ताडून बघा. फरक असेल तर सही झालेलाच धरायचा. काकांच्या सारांशात पुढची तारीख मी चुकीची ऐकली होती, ती तिथेच सापडली. आणि "मग आता आपलं काय होणार?" असं वडील विचारतीलच. तो प्रश्न सारांशाखाली त्यांच्याच शब्दांत लिहा आणि कागद घेऊन त्यांच्यासोबत वकिलांकडे जा.