जोड्या लावताना दोन-दोन उत्तरे का चुकतात?

प्रश्न: मी नागपूरला राहते, ११वीत आहे. जीवशास्त्राच्या चाचणीत ‘अ’ आणि ‘ब’ स्तंभांच्या जोड्या लावताना माझी एक जोडी कधीच चुकत नाही, चुकल्या तर एकदम दोन किंवा तीन चुकतात. ज्या जोड्या पक्क्या येतात त्या आधी लावाव्यात असे सर सांगतात, मी तेच करते. मग चुकते कुठे?

उत्तर:

मी नागपुरातच ११वी आणि १२वीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. दर रविवारी घेतलेल्या छोट्या चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासताना मलाही हेच दिसत आले आहे. यामागे थोडे गणित आहे. दोन्ही स्तंभांत चार-चार नोंदी असतील आणि प्रत्येक नोंद एकदाच वापरायची असेल, तर त्या २४ प्रकारे जुळवता येतात. एक जोडी ठरली की ६ प्रकार उरतात, दुसरी ठरली की २, आणि तिसरी ठरताच चौथी आपोआप ठरते. म्हणून अशा प्रश्नात नेमकी एकच जोडी चुकणे शक्यच नसते. तुम्ही एका नोंदीला चुकीच्या जागी बसवले की त्या जागेची खरी मालकीण बेघर होते आणि तिला दुसरीकडे जावेच लागते.

पक्क्या जोड्या आधी लावण्याचा सल्ला योग्यच आहे. अडचण ‘पक्की’ या शब्दाच्या अर्थात आहे. बहुतेक विद्यार्थी जी जोडी वाचताच खरी वाटते तिला पक्की म्हणतात. परंतु विधान खरे असूनही जोडी चुकीची असू शकते. एक उदाहरण सविस्तर पाहू.

‘अ’ स्तंभात संप्रेरके आहेत : (अ) व्हॅसोप्रेसिन, (ब) अ‍ॅड्रेनालिन, (क) ऑक्सिटोसिन, (ड) ग्लुकॅगॉन.

‘ब’ स्तंभात त्यांची कार्ये आहेत : (१) रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण वाढणे, (२) गर्भाशयाचे आकुंचन, (३) हृदयाचे ठोके वाढणे, (४) वृक्कात पाण्याचे पुनःशोषण.

हा प्रश्न मी वर्गात दिला तेव्हा एका हुशार मुलीने प्रथम अ‍ॅड्रेनालिनला ग्लुकोजशी जोडले. तिला ते नीट ठाऊक होते. संकटाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथीतून अ‍ॅड्रेनालिन स्रवते, यकृतातील ग्लायकोजेनचे विघटन होते आणि रक्तातील ग्लुकोज वाढते, हे तिने मला न चुकता सांगितलेही. यातला शब्दही खोटा नाही. मात्र त्यामुळे ग्लुकॅगॉनसाठी हृदयाचे ठोके तेवढे उरले आणि वेळ संपत आल्यामुळे तिने ती जोडी तशीच लावून टाकली. ज्ञान पुरेसे असतानाही दोन जोड्या गेल्या.

म्हणून जोडी लावण्यापूर्वी स्वतःला विचारायचा प्रश्न ‘हे खरे आहे का?’ असा नसून ‘या नोंदीला दुसरी जागा आहे का?’ असा असावा. अ‍ॅड्रेनालिनला येथे दोन जागा आहेत, पहिली आणि तिसरी. स्वादुपिंडात तयार होणारे ग्लुकॅगॉन यकृतातील ग्लायकोजेनपासून ग्लुकोज मोकळे करते, आणि या चार कार्यांपैकी त्याला पहिल्याशिवाय दुसरी जागा नाही. म्हणजे पक्की जोडी ग्लुकॅगॉनची आहे, अ‍ॅड्रेनालिनची नाही, मग अ‍ॅड्रेनालिनची माहिती तुम्हाला कितीही चांगली पाठ असो. ग्लुकॅगॉन बसले की पहिली जागा भरते आणि अ‍ॅड्रेनालिनला तिसऱ्या जागेवर जाणे भाग पडते.

हाच विचार ‘ब’ स्तंभाकडूनही करता येतो, आणि मुले नेमके तेच करीत नाहीत. सर्वजण ‘अ’ स्तंभाच्या पहिल्या नोंदीपासून सुरुवात करून क्रमाने खाली उतरतात, जणू काही तो क्रम प्रश्न काढणाऱ्याने आपल्या सोयीसाठीच ठेवला आहे. येथे ‘ब’ स्तंभातील ‘हृदयाचे ठोके वाढणे’ या नोंदीला विचारा की तुझे दावेदार किती? या चार संप्रेरकांत एकटे अ‍ॅड्रेनालिन पुढे येते. ‘ग्लुकोज वाढणे’ या नोंदीला तोच प्रश्न विचारला तर दोन दावेदार निघतात. दोन्ही स्तंभांवरून एकदा नजर फिरवून ज्या नोंदीला एकच दावेदार किंवा एकच जागा आहे तिच्यापासून सुरुवात करायची. ती कोणत्या स्तंभात किंवा कितव्या क्रमांकावर आहे याला महत्त्व नाही. मी मुलांना प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने एवढेच लिहायला सांगतो : १, २ किंवा प्रश्नचिन्ह. यात साधारण अर्धे मिनिट जाते.

उरलेल्या दोन नोंदी, व्हॅसोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन, या वेगळ्या प्रकारे फसवतात. दोन्ही हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतात, दोन्ही पश्च पीयूषिका ग्रंथीतून रक्तात सोडली जातात, आणि दोघांच्या रेणूंत नऊ-नऊ अमिनो आम्ले असून त्यांतील दोनच वेगळी आहेत. त्यात भर म्हणजे व्हॅसोप्रेसिनमुळे रक्तवाहिन्यांचे आकुंचन होते. ‘आकुंचन’ हा शब्द डोक्यात अर्धवट राहिला असेल तर विद्यार्थी त्याला थेट गर्भाशयाशी नेऊन जोडतो. येथे शब्द न पाहता अवयव पाहावा. प्रसूतीच्या वेळी कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन देतात हे अनेक मुलींनी घरात ऐकलेले असते, तर व्हॅसोप्रेसिनचे दुसरे नाव अँटिडाययुरेटिक हार्मोन, म्हणजे लघवीचे प्रमाण कमी करणारे संप्रेरक, असे आहे. त्या नावातच वृक्क आणि पाणी दोन्ही आले.

उत्तर असे येते : अ-४, ब-३, क-२, ड-१.

नीटसारख्या परीक्षेत हाच प्रश्न चार तयार पर्यायांसह येतो आणि तेव्हा पद्धतीत थोडा बदल करावा लागतो. समजा, पर्याय असे आहेत.

पहिला : अ-४, ब-१, क-२, ड-३
दुसरा : अ-४, ब-३, क-२, ड-१
तिसरा : अ-२, ब-३, क-४, ड-१
चौथा : अ-४, ब-२, क-१, ड-३

ऑक्सिटोसिनविषयी, म्हणजे क-२ विषयी, तुमची खात्री आहे असे धरू. त्याबरोबर तिसरा आणि चौथा पर्याय बाद होतात. आता उरलेल्या पहिल्या दोन पर्यायांकडे पाहा. दोघांतही अ-४ आहे, म्हणून व्हॅसोप्रेसिनवर आणखी विचार करणे हा वेळेचा अपव्यय ठरेल. फरक केवळ ब आणि ड यांच्यात आहे आणि त्यांतला ड सोपा आहे, कारण ग्लुकॅगॉनला एकच जागा आहे. दोन जोड्यांत प्रश्न सुटला. याउलट तुम्ही ‘अ-४ मला पक्के येते’ म्हणून तेथून सुरुवात केली असती, तर एकच पर्याय गळाला असता. पक्क्या जोड्या दोन-तीन असतील तर त्यांतून पर्यायांना अधिकाधिक विभागणारी जोडी आधी निवडावी. आणि शेवटी दोनच पर्याय उरले व पुढे काहीही सुचले नाही, तरी उत्तर सोडू नये, कारण बरोबर उत्तराचे ४ गुण मिळतात, चुकल्यास १ जातो, आणि तुमची शक्यता तेव्हा निम्मी असते.

आता ‘आपोआप’ ठरलेल्या शेवटच्या जोडीविषयी. ती तुम्ही लावलेली नसते, उरलेली असते, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. वास्तविक आधीच्या कामाची ती एकमेव फुकट तपासणी आहे. वरच्या उदाहरणात त्या मुलीने ‘ग्लुकॅगॉन आणि हृदयाचे ठोके’ ही उरलेली जोडी क्षणभर वाचली असती, तर आपण हे कधी वाचले नाही एवढे तिला नक्की जाणवले असते. तसे जाणवल्यास सगळे खोडू नये. ज्या नोंदीला दोन जागा होत्या, त्या नोंदीपर्यंतच मागे जावे.

तथापि ही तपासणी नेहमी वाचवत नाही. उत्सर्जनाच्या अवयवांचा प्रश्न घ्या : गांडूळ, झुरळ, प्लॅनेरिया आणि कोळंबी यांच्यासमोर ज्योत पेशी, हरित ग्रंथी, नेफ्रिडिया आणि माल्पिघी नलिका. झुरळ आणि माल्पिघी नलिका ही जोडी सर्वांना येते, कोळंबी आणि हरित ग्रंथी हीसुद्धा बहुतेकांना येते. मात्र एका मुलाने ज्योत पेशी गांडुळाला दिल्या, कारण त्याच्या मनात ‘ज्योत पेशी कृमींमध्ये असतात’ एवढेच राहिले होते. प्लॅनेरियासाठी नेफ्रिडिया उरले आणि ती जोडी त्याला मुळीच विचित्र वाटली नाही. जवळच्या दोन नोंदींची अदलाबदल झाली की उरलेली जोडी दिसायला सभ्यच असते. येथे पद्धत थांबते आणि विषय लागतो. प्लॅनेरिया हा चपटकृमी आहे, त्याला देहगुहा नसते, आणि हलणाऱ्या केसलांमुळे ज्योतीसारख्या दिसणाऱ्या ज्योत पेशी त्याच्याकडे असतात. गांडुळाचे शरीर खंडांचे बनलेले असते आणि नेफ्रिडियाही खंडाखंडांत पुन्हा पुन्हा आढळतात. ‘कृमी’ या शब्दाऐवजी ‘खंड’ हा शब्द लक्षात ठेवला असता तर ही चूक टळली असती.

आणखी एक गोष्ट प्रश्न वाचतानाच पाहावी : दोन्ही स्तंभांतील नोंदींची संख्या. आपल्या नागपूरकडे प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला संत्र्याचा मोह आवरत नाही, म्हणून तेच उदाहरण देतो. ‘अ’ स्तंभात संत्रे, आंबा, नारळ आणि टोमॅटो आहेत, तर ‘ब’ स्तंभात हेस्परिडियम, अश्मफल आणि मृदुफल ही तीनच नावे आहेत. संत्रे आणि हेस्परिडियम ही जोडी पक्की आहे, कारण या चौघांत लिंबू कुळातले फळ ते एकच. परंतु आंब्याला अश्मफल दिल्यावर ते नाव संपले असे समजून नारळ रिकामा सोडणारी मुले मी पाहिली आहेत. आंबा आणि नारळ दोन्ही अश्मफळेच आहेत, फरक एवढाच की आंब्यात मधला थर गराचा असतो आणि नारळात तो काथ्याचा. ‘ब’ स्तंभ लहान असेल तर एखादे नाव दोनदा येणार हे गृहीत धरावे.

‘ब’ स्तंभ मोठा असेल, उदाहरणार्थ चारासमोर पाच नोंदी असतील, तर तीन जोड्या बरोबर लावूनही शेवटच्या नोंदीपुढे दोन जागा उरतात. अशा प्रश्नात मात्र एकच जोडी चुकू शकते. तेथे चौथी जोडीही पहिलीइतक्याच काळजीने, स्वतःच्या माहितीवर लावावी लागते.