कोबाल्टवरची रिकामी होणारी जागा: बी-१२ आणि सायनाइड

प्रश्न: मी रोज बी-१२ची गोळी घेते. पाकिटावर ‘सायनोकोबालामिन’ लिहिलंय. म्हणजे यात सायनाइड आहे का?

आहे, पण गोळी टाकून देऊ नका. बी-१२च्या रेणूत मधोमध कोबाल्टचा एक अणू असतो आणि त्यावर एक जागा अशी असते की तिथला बिऱ्हाडकरू बदलतो. मिथिल राहिला तर मिथिलकोबालामिन, हायड्रॉक्सिल राहिला तर हायड्रॉक्सोकोबालामिन आणि सायनाइड राहिलं तर तुमची गोळी. १ मिलिग्रॅमच्या गोळीत सायनाइड जेमतेम २० मायक्रोग्रॅम भरतं, तेही कोबाल्टने घट्ट धरून ठेवलेलं.

प्रश्न: मग सायनाइडच्या विषबाधेत बी-१२ देतात ते काट्याने काटा काढण्यासारखं आहे का?

नाही. इथे देतात ते हायड्रॉक्सोकोबालामिन, म्हणजे ज्यात सायनाइड अजून आलेलंच नाही असं रूप.

सायनाइड पेशीत शिरून मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या एन्झाइमच्या लोहाला चिकटतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो वापरताच येत नाही. मग पेशी ऑक्सिजनविना काम रेटते आणि रक्तात लॅक्टेट साचत जातं. सुदैवाने लोह आणि सायनाइडची ही गाठ कायमची नसते. सायनाइड सुटतं, पुन्हा चिकटतं. औषधाचं सगळं काम या सुटण्यावर चालतं. कोबाल्टची सायनाइडवरची पकड लोहापेक्षा बरीच घट्ट असते, म्हणून सुटलेलं सायनाइड हायड्रॉक्सिलला हटवून तिथे बसतं आणि परत जात नाही. रक्तातलं मोकळं सायनाइड कमी झालं की पेशीतलं आणखी बाहेर येतं, तेही पकडलं जातं आणि एन्झाइम मोकळं होतं. शेवटी तयार होतं ते तुमच्या गोळीतलंच सायनोकोबालामिन. ते लघवीवाटे निघून जातं.

प्रश्न: घरात बी-१२ची इंजेक्शनं पडून आहेत. अडीअडचणीला तीच टोचली तर?

उपयोग नाही. आपल्याकडच्या बहुतेक इंजेक्शनांत मिथिलकोबालामिन असतं. तिथली जागा आधीच अडलेली. समजा हायड्रॉक्सोकोबालामिन मिळालं, तरी हिशोब बसत नाही. एक रेणू एकच सायनाइड धरतो आणि वजनाने तो सायनाइडच्या पन्नासेक पट जड आहे. म्हणून प्रौढाचा पहिला डोस ५ ग्रॅमचा असतो आणि तोसुद्धा १०० मिलिग्रॅमच्या आतच सायनाइड बांधतो. १ मिलिग्रॅमची इंजेक्शनं म्हटली तर पाच हजार लागतील! सायनाइडचा संशय आला की १०८ला फोन, दुसरं काही नाही.

प्रश्न: आगीच्या धुरात सापडलेल्यांनाही हे देतात म्हणे. सायनाइड आहे हे डॉक्टरांना कळतं कसं?

फोमची गादी, लोकर, नायलॉन जळताना हायड्रोजन सायनाइड निघतो. रक्तातलं सायनाइड मोजणारी तपासणी वेळेत हाती येत नाही, म्हणून खुणांवर निर्णय घ्यावा लागतो. नाकातोंडात काजळी, गुंगी किंवा बेशुद्धी, पडलेलं बीपी आणि वाढलेलं लॅक्टेट. पॅरिसमधल्या आगीच्या रुग्णांवरचा १९९१चा अभ्यास इथे कामी येतो: गंभीर भाजलेलं नसताना लॅक्टेट १० मिलिमोल प्रतिलिटर किंवा जास्त असेल, तर सायनाइड गृहीत धरायचं.

समजा, अशी २० किलोची मुलगी आली. मुलांना किलोमागे ७० मिलिग्रॅम, म्हणजे हिला १.४ ग्रॅम. कुपीतली ५ ग्रॅम भुकटी २०० मिलिलिटर सलाइनमध्ये विरघळवतात, तेव्हा तिच्या वाट्याला ५६ मिलिलिटर येतं. कुपी उलटसुलट करायची, खळाखळा हलवायची नाही, फेस होतो. प्रौढाला अख्खी कुपी १५ मिनिटांत शिरेतून जाते आणि गरज पडली तर दुसरी.

जुना उतारा नायट्राइटचा. तो हिमोग्लोबिनचा काही भाग ऑक्सिजन वाहायला निकामी करून सायनाइड पकडतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने आधीच ऑक्सिजन तोडलेल्या माणसाला तो देणं मला धोक्याचं वाटतं. हायड्रॉक्सोकोबालामिन हिमोग्लोबिनला हात लावत नाही.

प्रश्न: भावाला हे औषध दिल्यावर लघवी बीटच्या रसासारखी झाली. विष बाहेर पडतंय, असंच ना?

तसा अर्थ काढू नका. औषध मुळातच गडद लाल आहे. सायनाइड नसलेल्या माणसाला दिलं तरी लघवी लालच होईल. ती काही आठवडे तशी राहू शकते, त्वचाही पंधरवडाभर लालसर दिसते. तोवर कडक ऊन टाळावं. फायदा झाला का, हे बीपी सावरण्यावरून, शुद्धीवरून आणि उतरत्या लॅक्टेटवरून ठरतं. बीपी मात्र औषधानेच चढूही शकतं, त्यामुळे त्या एकट्यावर विसंबत नाहीत.

हा रंग यंत्रांनाही चकवतो. क्रिएटिनिन, बिलिरुबिनसारख्या रंगावर चालणाऱ्या तपासण्या चुकतात, म्हणून शक्य असेल तर रक्ताचे नमुने औषधाआधीच काढतात. डायलिसिसचं यंत्र तर रक्त गळतंय असं समजून थांबू शकतं. भावाला येत्या दिवसांत रक्त तपासायचं असेल, तर हे औषध कोणत्या तारखेला दिलं ते लॅबला आधी सांगा.