दोनाची एक झोप करताना रात्रीची वेळ कशी बसवायची?

प्रश्न: माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. सकाळी ७ ला उठते, साडेनऊला तासभर झोपते. दुपारी आधी झोपायची, आता ४ वाजेपर्यंत लोळत राहते, मग झोपते ती साडेपाचला उठते. रात्री ९ पासून झोपवायला घेते, ११ वाजतात, रडारड होते. सासूबाई म्हणतात, आता एकच झोप कर. एकदम बंद करू का सकाळची? आम्ही जळगावला असतो, घरात सगळे मिळून सात माणसं.

उत्तर:

ताई, सकाळची झोप एकदम बंद करू नका, ती हळूहळू दुपारकडे सरकवा. रात्रीची भांडणं बऱ्याच अंशी त्या साडेपाचला संपणाऱ्या झोपेमुळे होताहेत, म्हणून आधी दिवसाची झोप लावायची आणि रात्रीची तिच्या मागून आणायची. मी भुसावळला पाळणाघर चालवते. रेल्वेवाल्यांची मुलं जास्त, त्यामुळे कधीही घरी येणारे बाबा आणि कधीही झोपणारी पोरं हे माझं रोजचंच.

आधी वय. बहुतेक मुलं १३ ते १८ महिन्यांच्या दरम्यान एका झोपेवर येतात. वर्षाच्या आसपास चालायला शिकताना आठवडाभर दुसरी झोप नाकारतात आणि पुन्हा दोनवर येतात, त्याला फसू नका. तुमचा हा प्रकार दोन आठवड्यांहून जास्त चालला असेल, आणि मध्ये ताप, सर्दी किंवा दाढा येण्याचा त्रास नसेल, तर ती तयार आहे असं धरा. तसं नसेल तर थोडं थांबा.

आता हिशेब बघा. ११ ते ७ म्हणजे रात्रीचे ८ तास, सकाळचा एक, दुपारचा दीड. साडेदहा झाले. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत, दिवसाची धरून, ११ ते १४ तास झोप लागते. म्हणजे तुमची मुलगी जास्त झोपते म्हणून रात्री जागत नाहीये, उलट तिला झोप कमीच पडतेय. घरात कुणी म्हणेल, दिवसा झोपूच देऊ नका म्हणजे रात्री लवकर पडेल, तर ऐकू नका. अति थकलेलं मूल शांत पडत नाही, जास्तच चेकाळतं.

झोप येते ती दोन गोष्टींनी. जितका वेळ जागं, तितकी झोपेची ओढ वाढते, हे एक. दुसरं म्हणजे शरीराचं आतलं घड्याळ, जे सकाळच्या उजेडावर लागतं. मुलगी साडेपाचला ताजीतवानी उठली की ९ वाजता ओढ अर्धीच भरलेली असते. त्यात रोज ११ ला झोपायची सवय लागल्यावर घड्याळही तिकडे सरकतं, आणि नेहमीच्या झोपेच्या आधीचा तास-दोन तास हा शरीराचा सगळ्यात टक्क जागा वेळ असतो. तुम्ही नेमकं तेव्हाच तिला थोपटताय. हट्टीपणा वाटतो तो पुष्कळदा हा असतो.

म्हणून पहिलं काम, सकाळी उठायची वेळ बांधून टाका. पावणेसात म्हणा. रात्री कितीही वाजता झोपली तरी पावणेसातला पडदा सरकवायचा आणि ओट्यावर, अंगणात, जिथे ऊन येतं तिथे न्यायचं. आपल्याकडे उन्हाचा तुटवडा नाही, फक्त मे महिन्यात ९ च्या आत उरकून घ्या.

मग साडेनऊची झोप दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे ढकला. पावणेदहा, दहा, सव्वादहा, असं करत साडेबारापर्यंत न्यायची आहे. याला महिना लागला तरी लागू द्या. खरी कसरत १० ते ११ च्या मधली. माझ्याकडे एक पंधरा महिन्यांचा मुलगा होता, तो बरोबर सव्वादहाला खेळणं टाकून फरशीवर गाल टेकवून आडवा व्हायचा, कान चोळायचा, आणि कुणी बोललं की भोकाड पसरायचा. त्याला त्या वेळी आम्ही आंघोळ घालायला लागलो. कोमट पाण्याचं टब, दोन स्टीलच्या वाट्या, इकडचं पाणी तिकडे. अर्धा-पाऊण तास सहज निघायचा. घरी सकाळी उठल्याउठल्या आंघोळ घालायची पद्धत असेल तर ती तेवढी उशिरा करा. आणि या वेळात मुलीला गाडीवर पुढे बसवून बाजारात नेऊ नका. पाच मिनिटांची डुलकी लागते, ओढ उतरते, आणि दुपारचं सगळं गणित फिसकटतं.

जेवण झोपेच्या आधी आलं पाहिजे. झोप साडेबाराला, तर सव्वाअकरा-साडेअकराला वरणभात किंवा मऊ खिचडी तूप घालून. घरातल्या मोठ्यांच्या जेवणाला थांबू नका. उपाशी झोपलेलं मूल पाऊण तासात उठतं आणि आपण समजतो की झोप झाली.

मधला टप्पा सगळ्यात चिडका असतो. झोप ११ ला आली की ती साडेबाराला संपते आणि पुढे रात्रीपर्यंत फार लांब वेळ उरतो. त्या दिवसांत ४ च्या आत वीस मिनिटांची डुलकी चालेल, पण हातात घड्याळ घेऊन उठवायचं. किंवा डुलकी न देता रात्री पाऊण तास लवकर झोपवायचं. पहिल्या दिवसांत नवी झोपही तासाभरातच मोडते, कारण शरीराला सकाळच्या तासाची सवय असते. अशा वेळी लगेच उचलू नका. अंधार तसाच ठेवून दहा-पंधरा मिनिटं थोपटा, बऱ्याचदा दुसरा झोका लागतो. हळूहळू ही झोप दोन-सव्वादोन तासांची होते. ३ च्या सुमाराला मात्र उठवायचंच, कारण तिथून रात्रीपर्यंत पाच-साडेपाच तास जागं राहायला हवेत.

उन्हाळ्यात आपल्या घरांत दुपारी १२ ते ४ खोली तापते हे खरं, पण दोन झोपांपेक्षा एक झोप सांभाळणं सोपं. कूलर एकदाच लावायचा, त्याचा सततचा आवाज झोपेला चांगलाच, फक्त वारा थेट अंगावर नको. लाइट गेली तर पातळ सुती झबलं आणि ओलसर फडक्याने हातपाय पुसणं, यावर निभावतं. स्लॅबचं घर रात्री ९ पर्यंत उष्णता फेकत राहतं, म्हणून संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा आणि झोपायच्या खोलीची खिडकी आधीपासून उघडी ठेवा. अंगाची उष्णता बाहेर पडली की झोप लवकर लागते, तापलेल्या खोलीत ते होतच नाही.

आता रात्रीचं. ९ ला गादीवर नेऊन दोन तास झुंजायचं, हे आजपासून थांबवा. ती ११ ला झोपते ना, मग सुरुवात साडेदहापासून करा. दहाला दिवे मंद, हातपाय धुणं, कपडे बदलणं, एक गोष्ट किंवा अंगाई, आणि साडेदहाला गादी. रोज हाच क्रम, याच खोलीत. अर्ध्या तासाच्या आत झोप लागायला लागली की सगळंच पंधरा मिनिटं अलीकडे ओढा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा पंधरा. सकाळी पावणेसातला उठवणं चालूच. इकडे दुपारची उशिराची झोप गळत जाते, तशी रात्रीची वेळ आपोआप साडेआठ-नऊला येऊन टेकते. विलायती तक्त्यांतले सात आपल्याकडे कामाचे नाहीत, मे महिन्यात सात वाजता जळगावला अजून उजेड असतो.

गादीवर नेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत झोपली नाही आणि खुशाल खेळत असेल, तर भांडू नका. उचला, मंद उजेडात पंधरा मिनिटं मांडीवर बसवा, पुन्हा न्या. रडत असेल तर जवळ बसून थोपटा, पण हॉलमध्ये परत आणू नका. या वयात आई नजरेआड झाली की घाबरणं जोरात असतं, तेव्हा एकटीला सोडून दार लावणं मी कुणालाच सांगत नाही. झोळीत झोपवून मग गादीवर टाकत असाल तर मध्यरात्री ती झोळीच शोधणार. आणि उभं राहणारं मूल झोळीतून पडतंही, ती आता काढलेली बरी.

एक जागा सांभाळायची, संध्याकाळी सहा ते सात. नव्या वेळापत्रकात मूल या वेळी मान टाकतं. इथे तुमच्या सासूबाई कामाला येतील. दिवेलागणीला झोपू नये हे आपल्याकडे घरोघर म्हणतात, त्यामागचं कारण काही असो, या महिन्यात तो नियम कडक पाळा. आजीने तिला दिवा लावायला बरोबर न्यावं, अंगणात फिरवावं. सहाच्या डुलकीने रात्रीचे पुन्हा ११ होतात. फारच पेंगत असेल तर साडेसहाला जेवू घाला आणि त्या दिवशी साडेसातलाच रात्रीची झोप समजून झोपवा.

सात माणसांच्या घरात टीव्हीचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक आई विचारते. टीव्ही बंद होणार नाही, पण मुलीची खोली वेगळी आणि दार लोटलेलं, एवढं जमतं. बाबांचं अवघड असतं. वर सांगितलेल्या मुलाचे वडील गाडीवरून कधी साडेनऊला यायचे, बॅग खाली ठेवायच्या आत त्याला हवेत उडवायचे, आणि मग बारापर्यंत तमाशा. शेवटी घरात ठरलं की मूल झोपायच्या खोलीत गेल्यावर बाबांनी आत यायचं नाही, आणि पावणेसातचं उठवणं, अंगणात नेणं बाबांचं. तेव्हा कुठे रात्री आटोक्यात आल्या. ड्यूटी असेल त्या दिवशी सकाळचं आजोबा करायचे.

लग्नाला गावी गेलात, ताप आला, तर चार दिवस दोन झोपा द्या, काही मोडत नाही. परत आल्यावर जिथे सोडलं त्याच्या थोडं अलीकडून सुरू करा. झोपेसाठी सर्दीचं औषध मात्र कुणी सुचवलं तरी देऊ नका. आणि ती रोज रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, किंवा झोपेत सारखे पाय झाडत असेल आणि फिकी दिसत असेल, तर वेळापत्रकाच्या मागे लागण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रक्तात लोह कमी असलं तरी मुलं अशी तळमळतात.