दोन व्हेंडर, पण प्लेटिंग एकाच शॉपमध्ये

प्रश्न: चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी पर्चेसला आहे. जवळपास प्रत्येक पार्टला आमचे दोन व्हेंडर आहेत, तरी कस्टमरने टियर-३पर्यंतचा, म्हणजे व्हेंडरच्या व्हेंडरपर्यंतचा नकाशा आणि पर्यायी योजना मागितली आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ज्या पार्टवाचून तुमची लाइन थांबते, ते आधी घ्या. तो पार्ट किती रुपयांचा आहे हे इथे बघू नका.

मग प्रत्येक पार्टखाली कंपनीचं नाव न लिहिता प्रत्यक्ष कारखान्याचा पत्ता लिहीत जा. २०१२च्या मार्चमध्ये जर्मनीत मार्लच्या एका रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि नायलॉन-१२चा कच्चा माल आटला. ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या बनवणारे अनेक होते, पण मुळाशी तोच कारखाना निघाला.

आपल्याकडे अशी गाठ बहुतेकदा जॉबवर्कमध्ये लपलेली असते. समजा, झिंक-निकेल प्लेटिंगचा एक बोल्ट तुम्ही भोसरीच्या आणि चाकणच्या व्हेंडरकडून घेता. बीओएममध्ये, म्हणजे पार्ट आणि मालाच्या यादीत, प्लेटिंग शॉपचं नाव कुठेच नसतं. तुमच्याच पीपीएपी, म्हणजे पार्ट मंजुरीच्या फाइलमधला प्रोसेस फ्लो आणि लॅब रिपोर्ट काढा, पण ती फाइल जुनी असू शकते. म्हणून दोघांकडे गेल्या तीन महिन्यांची जॉबवर्कची चलनंही मागा. तुम्ही थेट प्लेटरकडे जाल या भीतीने व्हेंडर टाळाटाळ करतात. त्यांना स्पष्ट सांगा की रेट झाकून द्या, मला फक्त पत्ता हवा. दोन्ही चलनांवर एकच पत्ता निघाला, तर तुमचे दोन व्हेंडर म्हणजे खरं तर एकच आहे.

आता दोन आकडे काढा. ते शॉप उद्या बंद पडलं, तर किती दिवस टिकाल? तुमच्याकडे ४ दिवसांचा माल, व्हेंडरकडे प्लेटिंग झालेला ३ दिवसांचा, वाटेत १ दिवसाचा: एकूण ८. सावरायला किती दिवस लागतील? ड्रॉइंगवर ७२० तासांची सॉल्ट स्प्रे, म्हणजे गंजाची टेस्ट असेल, तर तीच ३० दिवस खाते. नमुने आणि कस्टमरची मंजुरी धरून ४५ म्हणा. म्हणजे ३७ दिवस लाइन उघडी पडते.

एवढा स्टॉक कायम ठेवण्यापेक्षा दुसऱ्या प्लेटरची टेस्ट आणि मंजुरी आत्ताच उरकावी, असं माझं ठाम मत आहे. मग सावरायला दहाएक दिवस पुरतात आणि आठच्या वर दोन-चार दिवसांचा माल वाढवला की भागतं. मात्र दर महिन्याला त्याच्याकडे थोडा तरी लॉट पाठवा. नाहीतर गरजेच्या वेळी तो तुमच्यासाठी बाथ मोकळा ठेवणार नाही. तो बाथमध्ये कोणत्या कंपनीचं केमिकल वापरतो तेही विचारा. दोघांचं एकच असेल, तर गाठ फक्त एक पायरी खाली सरकलेली असते, आणि केमिकल बदललं की ती ७२० तासांची टेस्ट पुन्हा करावी लागते.